गेंदा फूल : एका नावाची तीन गाणी

दुर्ग जिल्ह्यातील अहिवारा हे गाव भिलाईच्या उत्तरेस आहे. भिलाईच्या पोलाद कारखान्याला चुनखडी पुरविणाऱ्या नंदिनीच्या खाणी याच्या शेजारी आहेत. कारखान्याच्या निमित्ताने या टापूत बंगाली, ओडिया, तेलुगू, मराठी अशी नाना भाषांची कुटुंबे येऊन राहिली आणि मूळच्या छत्तीसगढी बोलीत त्यांचे शब्द मिसळले. अशा ठिकाणी लग्नाच्या मांडवात कोणी ‘गेंदा फूल लावा’ असे म्हटले, तर ध्वनिवर्धकवाल्यासमोर किमान तीन गाणी उभी राहतात. आजोबांना हवे असते ते गावचे छत्तीसगढी गीत. सुनेला हवे असते चित्रपटातले. कॉलेजात जाणाऱ्या मुलाला हवे असते ते 2020 सालचे. पाहुण्यांत कोणी बंगाली असेल तर त्याच्या मनात चौथेच गाणे असते, आणि त्याचे खरे नाव तर ‘गेंदा फूल’ नव्हेच. मांडवात ही चूक एका क्षणात सुधारते. ग्रंथालयाच्या सूचीत किंवा ध्वनिसंग्रहात ती वर्षानुवर्षे तशीच राहते, आणि तिच्यामुळे एखाद्या माणसाचे श्रेय दुसऱ्याच्या खात्यावर जाऊ शकते. म्हणून गाण्याच्या नावाला जोडून आणखी तीन गोष्टी नोंदविण्याची पद्धत आहे : वर्ष, भाषा आणि गायक. या खुणा दिसायला सोप्या आहेत. परंतु प्रत्येकीत एकेक फसगत दडलेली आहे.

प्रथम ही गाणी एकमेकांपासून वेगळी करून पाहू. राकेश ओमप्रकाश मेहरा यांच्या ‘दिल्ली-6’ या 2009 सालच्या चित्रपटात हे गीत देशभर गाजले. संगीत ए. आर. रहमान यांचे, शब्द प्रसून जोशी यांचे आणि आवाज रेखा भारद्वाज, श्रद्धा पंडित व सुजाता मजुमदार यांचे. या गीताचा पाया मात्र छत्तीसगढच्या एका लोकप्रिय गीताचा आहे. ते ‘सास गारी देवे’ या नावानेही ओळखले जाते. चित्रपटाच्या कितीतरी आधी रायपूरच्या जोशी भगिनी, म्हणजे रमा, रेखा आणि प्रभा जोशी, यांनी ते गाऊन लोकांपर्यंत पोहोचविले. शब्द गंगाराम शिवारे यांचे आणि चाल भुलवाराम यादव यांची, असे छत्तीसगढमधले जाणकार सांगतात. भुलवाराम हे हबीब तनवीर यांच्या ‘नया थिएटर’चे कलावंत होते. हे गीत चित्रपटाच्या मंडळींपर्यंत पोहोचले ते अभिनेते रघुवीर यादव यांच्यामार्फत.

तिसरे गाणे मार्च 2020 मध्ये आले. त्याचे नाव नुसते ‘गेंदा फूल’. गायक बादशाह आणि पायल देव. यातील पायल देव यांच्या तोंडचा बंगाली भाग मुळात रतन कहार यांच्या ‘बडोलोकेर बिटी लो’ या गीताचा आहे. रतन कहार हे बीरभूम जिल्ह्यातील सिउडीचे लोकगायक. त्यांनी हे गीत 1972 साली रचले आणि 1976 साली स्वप्ना चक्रवर्ती यांच्या आवाजात ते ध्वनिमुद्रिकेवर आले. त्याच्या मुखड्यात झेंडूचा उल्लेख येत असल्याने ऐकणारे त्याला फुलाच्या नावानेच ओळखू लागले. मराठी वाचकाला येथे एक मोह होईल, आणि तो आवरला पाहिजे. गेंदा म्हणजे झेंडू, म्हणून सूचीत ‘झेंडूचे फूल’ असे भाषांतर करून ठेवले, तर ते गाणे पुन्हा कोणाला सापडणार नाही. नाव जसे आहे तसेच लिहावे, अर्थ हवा तर शेजारी द्यावा.

आता खुणांकडे वळू. भाषा ही पहिली खूण वाटते, कारण ती कानाला लगेच कळते. तथापि, छत्तीसगढी आणि हिंदी यांच्या बाबतीत कागद आणि कान यांचे जमत नाही. जनगणनेत छत्तीसगढी ही हिंदीच्या अंतर्गत मोजली जाते. राज्यात तिला राजभाषेचा दर्जा मिळाला तो 2007 साली. राज्यच मुळी 1 नोव्हेंबर 2000 रोजी झाले. त्यापूर्वीच्या नोंदीत ‘भाषा : हिंदी, ठिकाण : रायपूर, मध्य प्रदेश’ असे लिहिलेले आढळले, तर ते चूक नव्हे, त्या काळाची ती रीतच होती. अशा नोंदीवरून मूळ गीत हिंदी होते असा निष्कर्ष काढू नये. उलट, ‘मध्य प्रदेश’ हा शब्दच आपल्याला सांगतो की ही नोंद जुनी आहे, म्हणजे 2009 च्या चित्रपटाची नाही. चित्रपटगीतात छत्तीसगढी आणि हिंदी दोन्ही आहेत, म्हणून त्याच्या नोंदीत दोन्ही भाषा लिहाव्यात. 2020 च्या गाण्यात बंगालीबरोबर हिंदी आहे, हे त्याला एका झटक्यात वेगळे करते. बंगाली भाग ऐकू आला, पण मध्ये बादशाहचा तालावर बोललेला भाग नाही, तर तो 2020 चा नव्हे. तो बहुधा स्वप्ना चक्रवर्ती यांचा किंवा दुसऱ्या कोणा गायकाने गायिलेला मूळ बंगाली पाठ होय.

वर्षाची खूण सर्वांत विश्वासाची वाटते आणि तीच सर्वांत जास्त फसविते. एका गाण्याला एक वर्ष नसते. रचना केव्हा झाली, ध्वनिमुद्रण केव्हा झाले आणि हातातली प्रत केव्हा निघाली, ही तीन वेगवेगळी वर्षे असू शकतात. बंगाली गीताचे उदाहरण घ्या : रचना 1972, ध्वनिमुद्रण 1976. पुढे त्याच ध्वनिमुद्रणाचा समावेश एखाद्या ‘लोकगीत संग्रह’ नावाच्या ध्वनिफितीत 1995 साली झाला असे मानू. फितीच्या वेष्टणावर 1995 छापलेले असेल. सूचिकाराने तेच उतरविले, तर एक गाणे दोन होऊन बसते, किंवा जुने गाणे नव्यानंतर येते आणि कोणी कोणाकडून घेतले याचा क्रमच उलटतो. म्हणून वर्षापुढे ते कशाचे आहे हे लिहिलेच पाहिजे : ‘ध्वनिमुद्रण 1976’ किंवा ‘प्रकाशन 1995’. नुसता आकडा म्हणजे अर्धी माहिती. आणखी एक सावधगिरी. 2010 सालच्या नोंदीत ‘ससुराल गेंदा फूल’ आढळले, तर ते चौथे गाणे समजण्याची घाई करू नये. त्या वर्षी याच नावाची दूरदर्शन-मालिका सुरू झाली होती, आणि तिचे शीर्षकसंगीत ही निराळी नोंद आहे.

गायकाची खूण फार उपयोगी आहे, पण पूर्ण नावानेच. या प्रकरणात तर नियतीने सूचिकाराची जणू परीक्षाच घेतली आहे. ‘गायिका : रेखा’ एवढेच लिहिले, तर रायपूरच्या रेखा जोशी की चित्रपटातल्या रेखा भारद्वाज? केवळ ‘जोशी’ लिहिले, तर गाणाऱ्या भगिनी की शब्द लिहिणारे प्रसून जोशी? ‘यादव’ म्हटले, तर चाल देणारे भुलवाराम की गीत पुढे नेणारे रघुवीर? आडनावे आणि पहिली नावे या देशात इतकी वाटलेली आहेत, की संपूर्ण नाव आणि भूमिका (गायक, गीतकार, संगीतकार) हे दोन्ही नसतील तर खूण निकामी ठरते. लोकगीतांत आणखी एक अडचण असते. एकच गीत दहा मंडळे गातात, म्हणून गायकाचे नाव फक्त ध्वनिमुद्रण ओळखते, गीत नव्हे. गीत ओळखायला रचनाकार हवा.

समजा, अहिवाऱ्यात एखाद्या घरातली जुनी ध्वनिफीत वाचनालयाला मिळाली. लेबलावर हाताने लिहिले आहे : ‘गेंदा फूल, रेखा’. फीत लावली. भाषा छत्तीसगढी, हिंदी ओळ एकही नाही. येथे 2020 बाद झाले, कारण त्यात छत्तीसगढी नाही. 2009 ही बाद झाले, कारण तेथे हिंदी आहे. वाद्ये आणि आवाजांची संख्याही ऐकावी : तीन स्त्रिया एकत्र गात असतील, तर ‘रेखा’ हे तिघींपैकी एकीचे नाव असू शकते, आणि जोशी भगिनींचा संशय बळावतो. परंतु तो संशयच राहतो, कारण स्थानिक मंडळातही रेखा नावाची गायिका असू शकते. तेव्हा नोंद अशी करावी : ‘गेंदा फूल (सास गारी देवे), छत्तीसगढी लोकगीत, गायिका : रेखा (लेबलवरून, आडनाव अनिश्चित), ध्वनिमुद्रणाचे वर्ष अज्ञात’. अंदाजाने ‘1972’ घालण्यापेक्षा ही अधुरी नोंद बरी. एकदा छापलेले वर्ष पुढचे सूचिकार डोळे मिटून उतरवीत जातात.

खुणा किती जोडाव्यात याविषयी माझे मत असे की, गोंधळ संपेल तेवढ्याच. ‘गेंदा फूल (2020)’ आणि ‘गेंदा फूल (दिल्ली-6, 2009)’ एवढ्यानेच दोन गाणी वेगळी होतात. त्यांच्या नावापुढे अख्खी कलावंतांची यादी नको. छत्तीसगढी गीतासाठी मात्र भाषा आणि पर्यायी नाव दोन्ही लागतात, कारण त्याचे वर्ष निश्चित सांगता येत नाही. शिवाय दोन गाण्यांमध्ये नाते असेल, तर ‘आधार : छत्तीसगढी गीत सास गारी देवे’ असा दुवा चित्रपटगीताच्या नोंदीत द्यावा आणि उलट दुवाही द्यावा. एरवी वेगळे केलेले गाणे आपल्या मुळापासूनच तोडले जाते.

हा दुवा सुटला की काय होते, ते 2020 साली दिसले. नव्या गाण्याच्या श्रेयनामावलीत रतन कहार यांचे नाव नव्हते. बंगालमधून निषेध झाला. आधीच्या ध्वनिमुद्रणांच्या नोंदींत ते ‘पारंपरिक’ म्हणूनच लिहिले होते, असे बादशाह यांनी सांगितले. नंतर त्यांनी कहार यांना पाच लाख रुपये दिले. कहार यांना 2024 साली पद्मश्री मिळाली. ज्याने गीत लिहिले तो माणूस जिवंत असून सिउडीत राहत होता, आणि नोंदीत मात्र त्याच्या जागी एक विशेषण बसले होते.

‘पारंपरिक’ हा शब्द म्हणूनच जपून वापरावा. ‘रचनाकार सापडत नाही’ आणि ‘रचनाकार कोणीच नाही’ ही दोन वेगळी विधाने आहेत. पहिले लिहिताना ‘रचनाकार : नोंद मिळालेली नाही’ असे म्हणावे. त्यामुळे जागा रिकामी राहते, आणि पुढे कोणाला नाव सापडले तर ते भरता येते.