बावीस क्रेडिटचा हिशेब

प्रथम वर्षाच्या मुलांपुढे समन्वयक मॅडमनी फळ्यावर एकच आकडा लिहिला: २२. एका सत्रात एवढी क्रेडिट मिळवायची. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे पंधरा तासांचं अध्यापन. म्हणून दोन क्रेडिटच्या विषयाचे तास तीस.

"पंच्याहत्तर टक्के हजेरी म्हणजे तीसपैकी किमान तेवीस तास. सात चुकले तर चालतील, आठवा चुकला की नाव यादीत," त्या म्हणाल्या. मुलं पटापट बोटांवर मोजू लागली.

मग त्यांनी एक उदाहरण मांडलं. विषय पन्नास गुणांचा: लेखी तीस, अंतर्गत वीस. एका मुलाला लेखीत चोवीस मिळाले. चाचणी बुडवली, असाइनमेंट दिली नाही, म्हणून अंतर्गत सहाच. बेरीज तीस, म्हणजे साठ टक्के. तरीही नापास! कारण दोन्हीकडे स्वतंत्रपणे चाळीस टक्के लागतात. अंतर्गतमध्ये आठ हवेच होते. ते क्रेडिट खात्यात जमा होत नाही. मला हा नियम कठोर वाटतो. पण तो सत्राच्या शेवटी नव्हे, पहिल्याच आठवड्यात सांगितला, हे फार बरं झालं.

परीक्षा फॉर्मबद्दल त्या थोडंच बोलल्या. फॉर्ममध्ये चुकून दुसरा ऐच्छिक विषय निवडला, तर हॉलतिकिटावर तोच येतो. त्यामुळे फी भरण्याआधी प्रत्येक विषयाचा कोड वेळापत्रकाशी ताडून पाहा, आणि पावती निकाल लागेपर्यंत जपून ठेवा.