मेंब्रेन धुवायचे की बदलायचे?

पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांचा खारपाणपट्टा आहे. इथल्या बोअरचे पाणी खारे, म्हणून दर्यापूर, मूर्तिजापूरकडच्या वस्त्या आरओ प्लांटचे कॅन भरून आणतात. प्लांटचे पाणी कमी झाले की 'मेंब्रेन गेले' म्हणून वर्गणी गोळा होते. आम्ही म्हणतो, आधी प्लांटची वही पाहा.

दवाखान्यात रुग्णाचा ताप रोज तक्त्यावर मांडतात, तशी ही वही. रोज एकाच वेळी ताशी मिळणारे शुद्ध पाणी, पंपाचा दाब, शुद्ध पाण्याचा टीडीएस आणि पाण्याचे तापमान लिहावे. मेंब्रेन नवे असतानाचे आकडे पहिल्या पानावर ठेवावेत.

समजा, नवे असताना ताशी १००० लिटर पाणी आणि टीडीएस ८० होता. आज दाब व तापमान तेच, पण पाणी ८७० लिटर आणि टीडीएस ९५. म्हणजे १३ टक्के घट. घट १० ते १५ टक्के झाली की मेंब्रेन धुवावे; जास्त थांबले तर थर घट्ट बसतो आणि निघत नाही. मात्र थंडीत पाणी पाच अंशांनी गार झाले तरी जवळपास एवढीच घट होते. तेव्हा टीडीएस वाढत नाही, उलट थोडा उतरतो. ती घाण नव्हे, धुऊ नका.

घाण कोणती, हे मेंब्रेनच्या तोंडाशी पाहावे. पांढरे कण लिंबाच्या रसाने फसफसले तर तो चुना. बुळबुळीत, वास येणारा थर असेल तर तो जंतूंचा. त्याला आधी क्षाराचे द्रावण लागते; ते काम तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावे.

चुन्यासाठी १०० लिटर शुद्ध पाण्यात २ किलो सायट्रिक ॲसिड विरघळवावे. हातमोजे, चष्मा घालावा; जवळ ब्लीचिंग पावडर नको. द्रावण कमी दाबाने, तीन-चार बारवर, अर्धा-पाऊण तास फिरवावे, तासभर तसेच राहू द्यावे, पुन्हा फिरवावे. मग साध्या शुद्ध पाण्याने खळखळून धुवावे. सुरुवातीचे पाणी सोडून द्यावे. टीडीएस जुन्या आकड्यावर आल्याशिवाय आणि पाण्याची आंबट चव गेल्याशिवाय कॅन भरू नयेत.

दोनदा नीट धुऊनही पाणी वाढले नाही, टीडीएस उतरला नाही, तर मेंब्रेन बदलावे. पाणीही वाढले आणि टीडीएसही वाढला, तर बहुधा क्लोरीनने पापुद्रा जळला आहे. तो धुऊन सुधारत नाही. नवे बसवण्याआधी क्लोरीन अडवणारा कार्बन फिल्टर तपासावा, नाहीतर नवेही जळेल. टीडीएस एकाएकी चढला, तर प्रत्येक नळीचे पाणी वेगळे मोजावे. एकाच नळीत जास्त आला, तर आधी तिची रबरी रिंग पाहावी. रिंग स्वस्त असते, मेंब्रेन महाग.