हात ज्या क्रमाने चालतो, तो क्रम

सुरतच्या दक्षिणेला, उधना आणि पांडेसऱ्याच्या कुशीत बमरोली आहे. इथे पत्र्याच्या शेडमध्ये ओळीने माग उभे असतात. मागावर ओडिशाच्या गंजामचे कारागीर असतात, तसेच उधना-जळगाव रेल्वेने सुरतेत येऊन स्थिरावलेले खानदेशी लोकही असतात. सुरत महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळा आहेत, त्यामुळे मराठी वाचणारा मेकॅनिक किंवा मास्टर इथे नवलाचा नाही. नवा रेपियर माग मात्र बऱ्याचदा चीनहून येतो. त्याच्या माहितीपुस्तकाचं मराठी करायचं तर आज पहिला खर्डा यंत्रच काढतं. चिनी-मराठी अशा जोडीने लिहिलेली वाक्यं जगात फार थोडी आहेत, म्हणून मजकूर बहुधा चिनीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीत येतो. दोन उंबरे ओलांडून आलेलं ते वाक्य साधारण असं दिसतं:

‘जेव्हा वेफ्ट तुटलेले असते, कृपया मशीन थांबवा आणि निवड शोधण्यासाठी मागे पाऊल टाका. शेडमधून तुटलेले वेफ्ट बाहेर काढा. रीड परदेशी पदार्थाशिवाय असल्याची पुष्टी झाल्यानंतर सुरू करा.’

हा नमुना मी रचलेला आहे, पण यातली प्रत्येक चूक या कामात नेहमी भेटणारी आहे. आधी मागावर काय घडतं ते पाहू. उभ्या धाग्यांचा ताणा बीमवरून सुटून येतो. त्यातले काही धागे वर उचलले जातात, काही खाली राहतात, आणि मधे जी फट पडते तिच्यातून रेपियर आडवा धागा, म्हणजे बाणा, ओढून नेतो. फणी तो धागा कापडाच्या कडेशी ठोकून बसवते. मिनिटाला काही शे वेळा हे घडतं. बाणा तुटला की सेन्सर माग थांबवतो. मग माग हळू उलटा फिरवून तुटलेला धागा उघडा पाडायचा, काढायचा आणि माग पुन्हा सुरू करायचा.

आता वाक्याकडे वळा. रेपियर ओढून नेतो त्या प्रत्येक आडव्या धाग्याला इंग्रजी विणकामात ‘पिक’ म्हणतात, आणि त्याच शब्दाचा रोजचा अर्थ ‘निवडणे’. यंत्राने रोजचा अर्थ घेतला. माग मागे फिरवायचा होता, तर माणूसच मागे सरला. ताण्यातल्या फटीला इंग्रजीत ‘शेड’ म्हणतात, आणि बमरोलीत शेड म्हणजे माग जिथे उभे आहेत ती इमारत. ‘शेडमधून तुटलेले वेफ्ट बाहेर काढा’ हे वाक्य वाचून कुणी जमिनीवरचे धागे झाडून दाराबाहेर टाकले, तर त्याने वाक्याचं अक्षरशः पालन केलं असं म्हणावं लागेल. तुटका धागा मात्र फटीतच राहील.

मला सगळ्यात थक्क करते ती पुढची गोष्ट. असं भाषांतर तपासायचा प्रसिद्ध उपाय म्हणजे मराठी मजकूर उलट इंग्रजीत नेऊन मूळ मजकुराशी जुळतो का पाहणं. बाहेरच्या कचऱ्याचा झालेला ‘परदेशी पदार्थ’ उलट नेला तर मूळचा इंग्रजी शब्दप्रयोग जसाच्या तसा परत येऊ शकतो, ‘शेड’ही शेडच होऊन परतते. म्हणजे चूक ज्या वाटेने आत आली त्याच वाटेने बाहेर पडते आणि मागे खूण ठेवत नाही. आकडे गळले, ‘नका’ सुटलं, एखादं वाक्यच राहिलं, तर उलट भाषांतराने पकडता येतं. शब्दाने चुकीचा अर्थ घेतला असेल, तर त्याचा भरवसा नाही.

2017 साली गूगलने मराठीसाठी न्यूरल भाषांतर आणलं. त्याआधी यंत्र तुकडे जोडून वाक्य बनवायचं आणि सांधे उघडे दिसायचे. न्यूरल पद्धत पूर्ण वाक्याचा विचार करते, म्हणून वाक्य पुष्कळदा सरळ, गुळगुळीत उतरतं. संपादकाला खडबडीत चूक सापडते, गुळगुळीत चूक हातातून निसटते.

आणि एक चूक अशी आहे की तिला चूक म्हणणंही अवघड. मूळ इंग्रजी सूचना घ्या, शब्दांच्या क्रमासकट: ‘वीज बंद करा, फणी साफ करण्याआधी.’ इंग्रजीत हा क्रम स्वाभाविक आहे. मराठीत क्रियापद शेवटी येतं, म्हणून यंत्र निर्दोष मराठी लिहितं: ‘फणी साफ करण्यापूर्वी वीज बंद करा.’ व्याकरण नेमकं, अर्थ नेमका. पण क्रम उलटला! वाचणाऱ्याच्या डोळ्यासमोर आधी फणी आली, स्विच नंतर. मागाच्या आवाजात, एक हात यंत्रावर ठेवून तुकड्यातुकड्याने वाचणारा माणूस ‘फणी साफ’ एवढं वाचून पुढे सरसावू शकतो. अर्थाशी प्रामाणिक राहूनच इथे भाषांतर सुरक्षिततेतून सुटलं. दुरुस्ती छोटी आहे: ‘आधी मेन स्विच बंद करा. मग फणी साफ करा.’ हात ज्या क्रमाने चालायला हवा त्याच क्रमाने शब्द आले, आणि एका वाक्यात एकच काम राहिलं.

हे एकदा लक्षात आलं की बाकीची साफसफाई पटपट होते. चिनी पुस्तकात सूचनेआधी बऱ्याचदा सौजन्याचा शब्द येतो, त्यातून ओळीओळीला ‘कृपया’ उगवतं. ते काढायचं, धोक्याच्या सूचनेतून तर नक्कीच. ‘तो सैल असल्यास बदला’ यातला ‘तो’ नट की पट्टा, हे कळत नसेल तर नाव पुन्हा लिहायचं. बटणांची नावं मात्र बदलायची नाहीत. पॅनलवर RESET लिहिलेलं असेल आणि पुस्तकात ‘पुनर्स्थापित करा’ असेल, तर वाचणारा नसलेलं बटण शोधत राहतो.

भागांची नावं ठरवण्याचं काम मी सुरुवातीलाच करीन, आणि तेही शब्दकोश न उघडता. मास्टरला स्विच बंद केलेल्या मागापाशी उभं करायचं, एकेका भागावर बोट ठेवून नाव विचारायचं. रीड म्हणजे फणी, हे तिथे लगेच मिळतं. बीम बीमच राहतो. जिथे एक सर्वमान्य शब्द मिळत नाही तिथे साधं वर्णन करायचं. ही यादी झाली की वरचा उतारा असा होतो:

‘बाणा तुटला की माग थांबतो. तुटलेला धागा दिसेपर्यंत माग हळू उलटा फिरवा. ताण्याच्या वरच्या आणि खालच्या धाग्यांमधल्या फटीतून तुटलेला धागा पूर्ण काढा. फणीत धाग्याचा तुकडा किंवा कचरा अडकलेला नाही ना, पाहा. मग माग सुरू करा.’

मुळात ‘मशीन थांबवा’ होतं. इथे ‘माग थांबतो’ झालं. या मागावर सेन्सर आहे हे मागापाशी पाहिल्यावरच असा बदल करता येतो. यानंतर खरी परीक्षा. मास्टर मोठ्याने वाचतो, दुसरा माणूस बंद मागावर हातांनी तसंच करून दाखवतो. त्याचा हात जिथे अडखळतो ते वाक्य पुन्हा लिहायचं. शेवट कापडावर दिसतो: सुरू करताना विणीची कड जागेवर नसेल तर कापडात आडवी पट्टी उमटते, आणि ती पट्टी रंगाईनंतर जास्तच उठून दिसते.

काही गोष्टी संपादकाच्या हातात नसतात. ‘डावीकडचा स्क्रू’ असं चिनीतही असतं, इंग्रजीतही असतं. पण कुठे उभं राहून डावीकडचा? कापडाच्या बाजूने पाहिलं तर एक टोक, बीमच्या बाजूने पाहिलं तर दुसरं. भाषेच्या अंगाने ते वाक्य शुद्ध आहे, त्यात सुधारायला काही नाही. त्यासाठी पुस्तक हातात घेऊन मागापाशी जावं लागतं, स्क्रू शोधावा लागतो आणि लिहावं लागतं: ‘कापडाच्या बाजूला उभं राहिल्यावर डाव्या हाताला.’