किंमत कोणाची आणि कधीची?

‘स्कूटरवरचा कर कमी झाला, किंमत उतरली आणि विक्री वाढली. मागणीत काय घडले ते आकृतीसह सांगा.’ असा प्रश्न आला की बारावीचे बरेच विद्यार्थी मागणी वक्र उचलून उजवीकडे नेतात आणि शेजारी ‘मागणीतील वृद्धी’ असे लिहून मोकळे होतात. विक्री वाढली म्हणजे वक्र सरकलाच, असा त्यामागचा हिशेब असतो. आकृती सुबक असते, बाणही ठळक असतो, पण उत्तर चुकलेले असते.

मागणी वक्र म्हणजे विक्रीचा आकडा नव्हे. ती ‘अमुक किंमत असेल तर लोक इतके नग घेतील, तमुक असेल तर तितके’ अशी सगळी यादी असते, आकृतीत उतरवलेली. उभ्या अक्षावर त्या वस्तूची किंमत आणि आडव्या अक्षावर नग. किंमत बदलली तर आपण त्याच यादीतल्या दुसऱ्या ओळीवर जातो, यादी तीच राहते. पाठ्यपुस्तक याला मागणीतील विचलन म्हणते: किंमत उतरल्यावर विस्तार, चढल्यावर संकोच. पण लोकांचे उत्पन्न, आवड, इतर वस्तूंच्या किमती किंवा पुढच्या काळाबद्दलचा अंदाज बदलला, तर जुन्याच किमतीला लोक वेगळ्या संख्येने नग मागू लागतात. तेव्हा यादीच नवी होते आणि वक्र जागचा हलतो. हा मागणीतील बदल: उजवीकडे वृद्धी, डावीकडे ऱ्हास.

एवढी व्याख्या बहुतेकांना पाठ असते. अडचण येते ती खऱ्या घटनेत, कारण तिथे दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडतात. २०२५ सालची वस्तू व सेवा कराची कपात हे त्याचे फार चांगले उदाहरण आहे.

दिवाळीपर्यंत जीएसटीत सवलत मिळेल, असे पंतप्रधानांनी १५ ऑगस्टच्या भाषणात सांगितले. जीएसटी परिषदेने ३ सप्टेंबरला नवे दर ठरवले आणि ते २२ सप्टेंबरपासून, म्हणजे घटस्थापनेच्या दिवशी लागू झाले. ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. करापूर्वी ८०,००० रुपयांना असलेली स्कूटर पूर्वी करासह १,०२,४०० रुपयांना पडे, ती आता ९४,४०० रुपयांना मिळू लागली. आरटीओ आणि विमा वेगळा.

आता एक काल्पनिक शोरूम घेऊ. एरवीच्या महिन्यात तिथे जुन्या किमतीला १०० स्कूटर खपतात, आणि किंमत ९४,४०० असती तर ११५ खपल्या असत्या. घोषणेनंतरच्या आठवड्यांत मात्र गिऱ्हाईक येते, गाडी बघते आणि ‘थांबू या, स्वस्त होणार आहे’ म्हणून परत जाते. किंमत अजून १,०२,४०० आहे, एक रुपयाही हललेली नाही, तरी महिन्याचा खप ६०वर येतो. प्रश्नात ‘किंमत कमी होणार’ हे शब्द दिसतात म्हणून विद्यार्थी इथे वक्रावर खाली घसरतो, आणि तीच चूक. उद्याची किंमत आजच्या आकृतीच्या अक्षावर नसते. ती लोकांच्या अंदाजाचा भाग आहे, म्हणून इथे आजचा वक्र डावीकडे सरकला.

मग नवा दर लागू होतो आणि लगेच २ ऑक्टोबरला दसरा येतो. मुहूर्तावर गाडी दारात आणायची पद्धत असल्याने सणाच्या महिन्यात जुन्या किमतीलाही १५० स्कूटर खपल्या असत्या. नव्या किमतीला १७० खपतात. मालक ६० आणि १७० हे दोन आकडे शेजारी ठेवतो आणि सांगतो, ‘किंमत आठ टक्क्यांनी उतरली नाही तोच खप जवळजवळ तिप्पट!’

त्याचे दोन्ही आकडे खरे आहेत, पण ते दोन वेगळ्या वक्रांवरचे बिंदू आहेत. ६०वरून १००वर येणे म्हणजे थांबलेले लोक परत येणे. १००वरून ११५वर जाणे हा किमतीचा परिणाम, वक्रावरचा विस्तार. ११५वरून १७०वर जाणे ही सणाची वृद्धी. (मागे थांबलेल्यांची खरेदीही त्यात मिसळते, ती इथे सोडून दिली आहे.) वाढलेल्या ११० गाड्यांपैकी एरवीच्या महिन्याच्या वक्राने मोजले तर जेमतेम १५ किमतीच्या खात्यावर जातात. तुलना करायचीच तर गेल्या वर्षीच्या दसऱ्याशी करावी. तेव्हा जुन्या किमतीला १५० खपल्या असतील आणि लोकांचे उत्पन्न वगैरे फारसे बदलले नसेल, तर सणाच्या महिन्यात किमतीचा परिणाम २० गाड्यांचा. 

याच प्रश्नाची आणखी एक आवृत्ती परीक्षक काढतात: पेट्रोलची किंमत वाढली, स्कूटरच्या मागणीचे काय? ‘किंमत बदलली की विचलन’ एवढेच पाठ केलेला विद्यार्थी इथे सापडतो. किंमत बदलली खरी, पण पेट्रोलची. स्कूटरच्या आकृतीत तिला अक्ष नाही, म्हणून स्कूटरचा वक्र डावीकडे सरकतो. पेट्रोलच्या स्वतःच्या आकृतीत मात्र हाच बदल वक्रावरचा संकोच असतो.

या गोंधळातून एक तर्क जन्मतो, आणि तो बाजारातच नव्हे, चांगल्या शिकलेल्या लोकांच्या तोंडीही ऐकू येतो. ‘कर कमी केला की किंमत उतरते, किंमत उतरली की मागणी वाढते, मागणी वाढली की किंमत पुन्हा चढते. मग कर कमी करून गिऱ्हाइकाला मिळाले काय?’ ह्युबर्ट हेंडरसन या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने १९२२ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात याच तर्काचे उलटे रूप, म्हणजे कर वाढवल्याचे, दाखवून त्यातली खोट उघड केली होती. वाक्यात ‘मागणी वाढते’ ही पहिली वाढ वक्रावरची आहे आणि किंमत चढवणारी दुसरी वाढ वक्र सरकल्याची. मधल्या मध्ये एकीच्या जागी दुसरी आणून बसवली जाते. किंमत खरोखरच पुन्हा १,०२,४०० झाली, तर एरवीच्या महिन्यात गिऱ्हाइके पुन्हा १००च उरतील, मग ती किंमत टिकवून धरणार कोण? जास्त गाड्या बनवताना कारखान्याचा खर्च वाढत असेल तर ८,००० रुपयांपैकी काही भाग गिऱ्हाइकापर्यंत पोचणार नाही, हे खरे. पण त्याचे कारण पुरवठ्याच्या वक्राचा चढ हे आहे, मागणी वक्र जागचा हललेला नाही.

विद्यार्थ्यांनी फार ओशाळू नये, कारण आकडे हाती घेतल्यावर मोठ्यांचीही गल्लत झाली आहे. कोलंबिया विद्यापीठातले हेन्री मूर यांनी १९१४ साली अमेरिकेतल्या कच्च्या लोखंडाच्या किमती आणि उत्पादन यांची आकडेवारी जुळवून मागणी वक्र काढला, तर तो वर चढणारा निघाला: किंमत जास्त तेव्हा खपही जास्त. मागणीचा हा नवाच प्रकार सापडला, असे त्यांनी मांडले. वास्तविक तेजीत रेल्वे आणि बांधकामाला लोखंड जास्त लागे, मंदीत कमी, म्हणजे मागणी वक्रच पुढेमागे सरकत होता आणि ते बिंदू पुरवठ्याच्या वक्राची वाट दाखवत होते. एल्मर वर्किंग यांनी १९२७च्या लेखात हा मुद्दा स्पष्ट मांडला: बाजारातले आकडे मागणी दाखवतात की पुरवठा, हे कोणता वक्र जास्त हलला त्यावर ठरते.

तेव्हा असा प्रश्न सोडवताना विक्रीच्या आकड्याकडे शेवटी बघा. आधी किंमत कोणाची आणि कधीची ते विचारा. ती याच वस्तूची आणि आजची असेल तर वक्राला हात लावू नका.