उंट मारता येतो, तरी मारता येत नाही

दुहेरी शहाबद्दल बहुतेक खेळाडूंचा हिशेब साधा असतो: दोन मोहरे शह देताहेत, त्यांतला एक मारला की निम्मे संकट टळले, उरलेले पुढच्या चालीत पाहू. पण बुद्धिबळात निम्मा शह नसतो. आपली चाल संपताना राजा शहात असेल तर ती चालच अवैध ठरते.

१९१० साली व्हिएन्नात रिचर्ड रेटी आणि सावियेली टार्टाकोवर यांच्यात एक मैत्रीचा डाव झाला. पांढऱ्या रेटीचा घोडा आठव्या चालीत काळ्याने मारला होता. पांढऱ्याचा हत्ती डी१ वर, त्याच्या पुढे डी२ वर उंट आणि डी३ वर वजीर. काळ्याचा राजा अजून ई८ वर, म्हणजे मूळ जागीच. नवव्या चालीला रेटीने वजीर सरळ डी८ वर नेऊन शह दिला. तो फक्त राजालाच मारता येत होता, आणि राजाने मारला. मग डी२ चा उंट जी५ वर गेला. उंटाचा तिरका शह बसलाच, शिवाय तो बाजूला झाल्याने हत्तीची वाट उघडली आणि डी१ वरून दुसरा शहही बसला. चाल एकाच मोहऱ्याने केली. दुसरा जागचा हललासुद्धा नाही.

आता गंमत पाहा. जी५ वरच्या उंटाला कोणाचाही जोर नाही. ई५ चा काळा वजीर त्याला मारू शकतो, ई४ चा घोडाही मारू शकतो. पण दोघांपैकी कोणीही मारला तरी हत्तीचा शह तसाच राहतो. हत्तीच्या वाटेत डी७ वर काळ्याचा उंट किंवा घोडा आडवा घालता येतो, पण मग जी५ च्या उंटाचा शह राहतो. दोन्ही वाटा एकाच चालीने अडवायच्या तर दोन्हींवर असलेले एखादे घर हवे. हत्तीची उभी वाट आणि उंटाची तिरकी वाट एकमेकींना फक्त डी८ वर भेटतात, आणि तिथे राजा बसलेला आहे. कुठल्याही दुहेरी शहात असेच घडते: दोन वेगळ्या दिशांनी आलेले शह राजाच्याच घरात एकत्र येतात. त्यांतला एक घोड्याचा असेल तर त्याच्या आड काही घालण्याचा प्रश्नच नाही. म्हणून उत्तर एकच, राजाने हलायचे. शहात असताना कॅसलिंग चालत नाही, त्यामुळे तोही मार्ग बंद.

राजाने हलायचे म्हणजे पळायचेच, असे मात्र नाही. शह देणारा मोहरा शेजारच्या घरात असेल, त्याला जोर नसेल आणि त्या घरावर दुसऱ्या कोणाचा माराही नसेल, तर राजा त्याला खुशाल मारू शकतो. त्या वेळी राजा दुसऱ्या शहाच्या वाटेतूनही बाहेर पडलेला असतो.

रेटीच्या डावात काळ्या राजाला दोनच घरे होती. ई८ वर गेला तर हत्ती डी८ वर येऊन मात. त्या हत्तीला जी५ च्या उंटाचा जोर, आणि ई७ वरही तोच उंट रोखून. टार्टाकोवरने दुसरे घर, सी७, निवडले. रेटीने तोच उंट डी८ वर नेला. त्याला मागून हत्तीचा जोर असल्याने राजाला तो मारता येईना. डी७ आणि डी६ हत्तीने अडवलेली, बी६ उंटाने, आणि बी७, बी८, सी६, सी८ या घरांत काळ्याचेच मोहरे आणि प्यादी. अकराव्या चालीला मात. ही शेवटची चाल साध्या एकेरी शहाची आहे, हे लक्षात घ्यावे. दुहेरी शहाचे काम राजाला हव्या त्या घरात हुसकावण्याचे होते.

त्यामुळे ‘दुहेरी शह बसला की मात ठरलेलीच’ हे मतही टिकत नाही. त्याचा पुरावा याच स्थितीत आहे, आणि माझ्या मते या डावातली शिकण्यासारखी जागा हीच. दहाव्या चालीला रेटीला दुहेरी शह दोन ठिकाणांहून देता येत होता. उंट जी५ ऐवजी ए५ वर नेला असता, तरी तो तिरपा डी८ वर मारा करतोच आणि हत्तीची वाटही उघडते. काळ्या वजिराला तोही उंट मारता येतो, आणि तसे करणे तितकेच निरुपयोगी ठरते. पण ए५ चा उंट सी७ अडवतो, ई७ नाही. राजा ई७ वर निसटला असता, आणि रेटीकडे वजीर गमावलेला डाव उरला असता. वजीर देण्याआधी मोजायची ती राजाची मोकळी घरे, शह किती हे नव्हे.