एका खोलीत झोपवलं म्हणून भावंडं होत नाहीत

पुनर्विवाह ठरला की नातेवाइकांकडून एक सल्ला हमखास मिळतो: "मुलांना एका खोलीत ठेवा, महिनाभरात सख्ख्या भावंडांसारखी होतील." सांगणारी आत्या किंवा मामा प्रेमानंच सांगतात. तरीही हा सल्ला चुकीचा आहे, आणि त्याची किंमत मुलं मोजतात.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मेव्हिस हेदरिंग्टन यांनी व्हर्जिनियात घटस्फोटित आणि पुनर्विवाहित कुटुंबांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. अशा घराची घडी बसायला साधारण ५ ते ७ वर्षं लागतात, असं त्यांना आढळलं. महिनाभराची अपेक्षा ठेवली की मुलांचं साधं भांडणही मोठ्यांना आपलं अपयश वाटू लागतं, मग सक्ती सुरू होते.

समजा, पुण्यात दोन बेडरूमचं घर आहे. तेरा वर्षांच्या मुलीची स्वतःची खोली आहे आणि तिथं सावत्र वडिलांची आठ वर्षांची मुलगी राहायला येते. मोठीला आपल्या घरात कुणी घुसल्यासारखं वाटतं, धाकटीला आपण पाहुणे आहोत असं. दोघींचंही खरंच आहे! म्हणून आधी खोली पूर्ण रिकामी करावी, पलंग-टेबलांच्या जागा दोघींना विचारून नव्यानं ठरवाव्यात. प्रत्येकीला कुलपाचा एक कप्पा द्यावा, न विचारता दुसरीच्या वस्तूला हात लावायचा नाही हा नियम करावा. मोठीला संध्याकाळी तासभर खोली एकटीला मिळावी. त्याच वेळी धाकटी तिच्या बाबांबरोबर भाजी आणायला जाऊ शकते, कारण दोघींनाही आपापल्या आईचा किंवा बाबांचा वेगळा वेळ हवाच असतो.

कंगव्यावरून, चार्जरवरून भांडणं होणारच, त्यांना घाबरू नये. मात्र एखादी रोज हॉलमध्ये झोपू लागली, जेवायला बाहेर येईना, किंवा दुसरीला पाहताच गप्प होऊ लागली, तर खोलीची व्यवस्था बदलावी. वयात आलेले मुलगा-मुलगी असतील तर स्वतंत्र झोपायची जागा आधीच ठरवावी, मग ती हॉलमधल्या पडद्यामागची का असेना.

"सगळ्यांना एकच नियम" हाही गैरसमजच. आठ वर्षांच्या मुलीनं नऊला झोपावं, तेरा वर्षांच्या मुलीनं साडेदहाला. फरक वयाचा आहे, हे दोघींसमोर सांगावं.

"नव्या बाबांनी पहिल्या दिवसापासून धाक ठेवावा" हेही चूक. जेम्स ब्रे यांच्या टेक्सासमधल्या अभ्यासानुसार सुरुवातीला शिस्त सख्ख्या पालकानं लावावी, सावत्र पालकानं आधी ओळख वाढवावी.

आणि शेवटचा गैरसमज वारशाचा. आई-बाबांचं लग्न झालं म्हणून हिंदू वारसा कायद्यानुसार सावत्र मूल सावत्र वडिलांचं पहिल्या वर्गातलं वारस होत नाही. त्याला हिस्सा द्यायचा असेल तर रीतसर दत्तक घ्यावं लागतं किंवा मृत्युपत्र करावं लागतं.