नाव एक, पसंती अनेक

महाविद्यालयातल्या जुन्या मित्रांच्या गटाला नाव सुचवताना निवडीचा नियमही त्याच निरोपात लिहावा: ‘माझी सूचना “कट्टा ९५”. रविवारपर्यंत तुमचीही नावं पाठवा. मग प्रत्येकाने पहिली, दुसरी, तिसरी पसंती दोन मोजणाऱ्यांना खासगीत कळवावी. नाव सुचवणाऱ्याने मतं मोजू नयेत.’

एवढा खटाटोप कशासाठी? समजा, तीसजणांनी एकेकच मत दिलं. ‘सुवर्णक्षण’ला १२, ‘कट्टा ९५’ला १० आणि ‘कॅन्टीन कट्टा’ला ८ मतं पडली. ‘सुवर्णक्षण’ जिंकलं, पण कट्टा हवा असणारे १८ जण दोन नावांत विभागले गेले.

पसंतीक्रमात सर्वांत मागचं नाव बाद होतं आणि त्याची मतं दुसऱ्या पसंतीकडे जातात. त्या आठांपैकी सातजणांची दुसरी पसंती ‘कट्टा ९५’ असेल, तर निकाल १७ विरुद्ध १३ लागतो. भारताच्या राष्ट्रपतींची निवडही पसंतीक्रमानेच होते.

शेवटी बरोबरी झालीच, तर काय? चिठ्ठी टाकायची. मात्र हेही मतदानाआधीच ठरलेलं हवं. निकाल दिसल्यावर केलेला नियम कुणाच्या तरी सोयीचा वाटतोच.